वेदनेची नस नाही, असे कोणी सांगितले?

मा. संपादक महोदय,

सादर नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील नेकेड मोल रॅट या जमिनीखाली राहणाऱ्या, जवळजवळ केसहीन उंदीरवर्गीय प्राण्यावरील लेख काल वाचला. इतका चांगला विषय निवडल्याबद्दल लेखकाचे अभिनंदन करावे, अशाच मनःस्थितीत वाचायला बसलो होतो. पण दुसऱ्याच परिच्छेदात ‘या प्राण्याला वेदनेची नसच नसते’ आणि पुढे ‘तो ऑक्सिजनवाचून मजेत जगतो’ अशी दोन वाक्ये आली आणि अभिनंदनाचा विचार तिथेच राहिला. त्यावर कडी म्हणून ‘भिवापुरी मिरचीचा सावजी रस्सा वाढला तरी तो हूं की चूं करणार नाही’ हा विनोदही लेखकाने केला आहे. विनोदाला माझी ना नाही, नागपूरकराने सावजीवर विनोद करायचा नाही तर कोणी करायचा? परंतु विनोदाखाली दिलेली माहिती तरी तपासलेली असावी, एवढी अपेक्षा वर्गणीदाराने ठेवली तर ती फार होत नाही.

हे मी एवढ्या त्राग्याने लिहितो आहे त्याला कारण आहे. ‘वेदनेची नसच नसते’ हे वाक्य आपल्या पत्रात गेल्या वर्षीही एका चौकटीत छापून आले होते. त्या सुमारास माझ्या नातीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी याच प्राण्यावर तक्ता केला होता आणि ‘चिमटा व चटका याला जाणवतो, आम्ल मात्र जाणवत नाही’ असे त्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिले होते. परीक्षक म्हणून आलेल्या बाईंनी तक्त्यापुढे उभे राहून आपली चौकट मोबाइलवर उघडली आणि ‘अगं, नसच नसते म्हटल्यावर चिमटा कसा जाणवेल? पेपरात काय उगीच छापतात का?’ असे विचारून गुण कापले. पोरगी आम्लाचे कारण सांगू लागली, तर ‘उलट बोलू नये’ हा शेरा वर मिळाला. मी तेव्हा आपल्याला सविस्तर पत्र पाठवले होते. त्यातील अडीच ओळी छापल्या गेल्या आणि त्या अडीच ओळींत आम्लाचा उल्लेखही उरला नव्हता. म्हणून तीच गोष्ट पुन्हा, या वेळी अधिक विस्ताराने सांगतो.

नेकेड मोल रॅटच्या कातडीत वेदनेची वार्ता नेणारे मज्जातंतू आहेत. त्याला चिमटा काढला किंवा पायाखाली फार गरम पृष्ठभाग आला, तर तो साध्या उंदराप्रमाणेच पाय मागे घेतो. वेगळेपण आहे ते मिरचीच्या आणि आम्लाच्या बाबतीत, आणि या दोन्हींची कारणे एक नाहीत. थॉमस पार्क, गॅरी लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने मुळातून समजून घेण्यासारखा आहे. त्यांनी मिरचीतील झोंबणारे द्रव्य, म्हणजे कॅप्सायसिन, पायाच्या कातडीत अगदी थोडे टोचले. साधा उंदीर अशा वेळी तो पाय सारखा चाटत बसतो. या प्राण्याने पायाकडे लक्षही दिले नाही. इथवर आपले लेखक बरोबर आहेत. परंतु संशोधकांनी त्याच तंतूंची विद्युत्-तपासणी केली, तेव्हा कॅप्सायसिन लागताच ते तंतू व्यवस्थित चेतत असल्याचे दिसले. म्हणजे नस होती, आणि ती बोलतही होती; तिचे बोलणे पुढे मज्जारज्जूत पोचून वेदना म्हणून उमटत नव्हते.

याचे कारण असे की इतर सस्तन प्राण्यांत हे तंतू मज्जारज्जूतील पेशींपर्यंत निरोप पोचवताना सबस्टन्स पी नावाचे एक लहान प्रथिन सोडतात, आणि नेकेड मोल रॅटच्या कातडीकडून येणाऱ्या बारीक तंतूंत ते जवळजवळ नसतेच. हा केवळ तर्क राहू नये म्हणून संशोधकांनी एक निरुपद्रवी केलेला विषाणू घेतला, त्यात सबस्टन्स पी तयार करणारे जनुक घातले आणि तो एका पायाच्या कातडीतून तंतूंपर्यंत पोचवला. काही दिवसांनी त्या पायात कॅप्सायसिन टोचले तेव्हा प्राणी तो पाय चाटू लागला. उपचार न केलेला पाय पूर्वीसारखाच स्वस्थ राहिला. एकाच प्राण्याचा एक पाय मिरचीला ओळखतो आणि दुसरा ओळखत नाही, यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा? सावजी रश्श्याबद्दल एवढेच म्हणतो की मी सांगतो आहे तो प्रयोग पायाच्या कातडीवर झालेला आहे, जिभेवर नव्हे. तेव्हा पंगतीचे निमंत्रण लेखकांनी तूर्त स्थगित ठेवावे.

खरी मौज पुढे आहे, आणि आपल्या लेखात नेमकी तीच गाळली गेली. त्याच उपचार केलेल्या पायात आम्लाचे द्रावण टोचले, तर प्राणी तरीही स्वस्थच राहिला. म्हणजे सबस्टन्स पी परत देऊन मिरची लागू लागली, पण आम्ल लागेना. याचा उलगडा 2011 मध्ये झाला. आम्लाने तंतूच्या टोकाशी असलेले ग्राहक उघडतात, इतके सर्व या प्राण्यातही घडते. मात्र ती चेतना तंतूवरून पुढे जायची असेल तर सोडियमचे आयन आत घेणाऱ्या मार्गिका उघडाव्या लागतात, आणि त्यांपैकी एनएव्ही 1.7 या मार्गिकेच्या रचनेत नेकेड मोल रॅटमध्ये असा बदल आहे की आम्ल तिलाच घट्ट बंद करते. आम्ल आपल्याही मार्गिकेला थोडेफार अडवते. या प्राण्यात ते इतके अडवते की जे द्रव्य तंतूला चेतवू पाहते, तेच त्याचे तोंड बंद करते. हे वाचून मला अजूनही नवल वाटते. नातीच्या तक्त्यावर हे सर्व एका आकृतीत काढलेले होते, हे जाता जाता नमूद करतो.

आता असा बदल टिकून राहिला तो कशामुळे, याचे उत्तर या प्राण्याच्या वसाहतीत आहे. इथिओपिया, केनिया व सोमालियाच्या कोरड्या जमिनीखाली हे प्राणी लांबच लांब बोगदे खणून राहतात. एका वसाहतीत साधारण सत्तर-ऐंशी प्राणी असतात, क्वचित तीनशेच्या जवळपासही, आणि विश्रांतीच्या वेळी ते एका कोठडीत एकमेकांच्या अंगावर थर करून झोपतात. एवढ्या श्वासांतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड कोंडलेल्या जागेत साचतो आणि डोळ्यांच्या व नाकाच्या ओल्या त्वचेत विरघळून आम्ल बनतो. सोडा पिताना बुडबुडा नाकात गेला की आपल्याला जे झोंबते, ते याच आम्लाने. त्या कोठडीत ते आयुष्यभर झोंबत राहिले असते तर तिथे राहणेच अशक्य झाले असते. म्हणून आम्ल न जाणवणे हा या प्राण्याचा चमत्कार नसून त्याच्या घराची गरज आहे, असा संशोधकांचा विचार आहे आणि तो मला पटतो.

वसाहतीबद्दल लेखात ‘मधमाश्यांप्रमाणे’ असे म्हटले आहे. जेनिफर जार्व्हिस यांनी 1981 मध्ये या प्राण्याची कीटकांसारखी समाजरचना प्रथम जगापुढे मांडली तेव्हापासून ही तुलना होते, परंतु वाळवीची तुलना अधिक जवळची ठरली असती. मधमाश्यांत कामकरी सगळ्या माद्या असतात. इथे नर आणि मादी दोघेही खणतात, कंद आणतात, पिले सांभाळतात. प्रजनन मात्र एक राणी आणि तिचे एक ते तीन नर एवढेच करतात. शिवाय कामकरी मादी कायमची वांझ नसते. तिला वसाहतीतून वेगळे ठेवले तर तिच्या अंडाशयाचे काम साधारण आठवड्याभरात सुरू होते. राणीच्या मूत्रातील गंध तिला दाबून ठेवतो, असे पूर्वी मानत असत. तपासणीत ते टिकले नाही. राणीचा प्रत्यक्ष सहवास आणि तिची धक्काबुक्की यांचाच त्यात वाटा असल्याचे आढळले. आपल्या लेखात तो गंध मात्र अजून दरवळतो आहे.

ऑक्सिजनविषयी थोडक्यात लिहितो, कारण आपल्याकडील जागेची टंचाई मला अनुभवाने ठाऊक आहे. 2017 मध्ये पार्क व लेविन यांच्याच गटाने केलेल्या प्रयोगांत हे प्राणी 5 टक्के ऑक्सिजनमध्ये 5 तास तग धरून राहिले; साधे उंदीर त्यात पाव तासाच्या आत मेले. पूर्ण ऑक्सिजनरहित हवेत ते 18 मिनिटे टिकले. पण ‘मजेत’ नव्हे! ते बेशुद्ध पडले, त्यांचा श्वास थांबला आणि मिनिटाला सुमारे 200 असलेले हृदयाचे ठोके 50 च्या आसपास उतरले. हवा परत दिल्यावर ते सावरले; अर्धा तास तसेच ठेवलेले मात्र वाचले नाहीत. या काळात त्यांचा मेंदू आणि हृदय फ्रुक्टोजवर चालतात. ग्लुकोज जाळण्याच्या वाटेवर सुरुवातीलाच एक विकर आहे, जे आम्ल वाढले की काम थांबवते. फ्रुक्टोज त्याच्या पुढच्या टप्प्यावर त्या वाटेला मिळते आणि म्हणून ऑक्सिजन नसतानाही थोडीफार ऊर्जा मिळत राहते. त्यासाठी फ्रुक्टोज आत घेणारे वाहक पेशीत भरपूर हवेत. आपल्यात ते मुख्यतः आतड्यात असतात, या प्राण्यात मेंदूत व हृदयातही आहेत. हे लक्षात घेतले म्हणजे ‘हृदयविकारावर लवकरच रामबाण इलाज’ या आपल्या उपशीर्षकाचे काय करायचे, ते संपादक मंडळानेच ठरवावे.

जाता जाता छायाचित्राबद्दल. लेखासोबत छापलेला प्राणी नेकेड मोल रॅट नसून, केस झडलेली आपली घूस आहे. तिची शेपटी आणि मोठे कान स्पष्ट दिसत आहेत. नेकेड मोल रॅटचे कान बाहेर जवळजवळ दिसतच नाहीत, डोळे बारीक असतात आणि पुढचे दात मिटलेल्या ओठांच्या बाहेर राहतात, जेणेकरून खणताना माती तोंडात जात नाही. महाल भागातल्या कुठल्याही जुन्या वाड्यात वाढलेल्या माणसाने घूस एका दृष्टिक्षेपात ओळखली असती.

हे पत्र कापणे भागच असेल तर वसाहतीचा मजकूर, छायाचित्राची तक्रार, अगदी माझे नावही कापावे. परंतु मिरची लागलेला आणि आम्ल न लागलेला तो एक पाय कृपया राहू द्यावा. छापलेला अंक मला शाळेत नेऊन द्यायचा आहे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र अध्यापक,
धरमपेठ, नागपूर