ऑडिटच्या सारांशात सरासरी नको, कॉलमनिहाय निकाल द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती

विषय: स्ट्रक्चरल ऑडिटच्या अहवालाचा सभासदांना दिलेला चुकीचा सारांश आणि डक्टजवळच्या दोन कॉलमना तातडीने टेकू देण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

दुरुस्ती की पुनर्बांधणी यावर विशेष सर्वसाधारण सभा घेण्याचे आपण ठरवले आणि त्यासाठी ऑडिट अहवालाचा एक पानी सारांश सर्वांच्या दारात टाकला. मी सेक्रेटरींकडून संपूर्ण अहवाल मागून घेतला आणि शेवटच्या पानापर्यंत वाचला. अहवाल आणि सारांश एकमेकांशी जुळत नाहीत. हे तोंडी सांगून पाहिले, तेव्हा "सभेत बोलू" एवढेच उत्तर मिळाले. त्यामुळे आता लेखी कळवत आहे. माझ्याच मजल्यावरच्या नव्हे, तर ए विंगमधल्या बहुतेक कुटुंबांचेही हेच म्हणणे आहे.

सारांशातले मुख्य वाक्य असे आहे: "काँक्रीटची सरासरी ताकद १३, आवश्यक ताकद २५, म्हणजे इमारत निम्म्या ताकदीवर उभी आहे." हे वाचून ३०४ मधल्या आजी रात्रभर झोपल्या नाहीत. म्हणून हा १३ कुठून आला ते आधी सांगतो.

तळमजल्यावर पार्किंगमधल्या सहा कॉलममधून कोअर काढले, म्हणजे यंत्राने काँक्रीटचा नळीसारखा गोल तुकडा कापून प्रयोगशाळेत दाबून फोडला. ताकदीचे आकडे, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये, असे आले: १६.२, १५.८, १५.१, १४.९, ८.४ आणि ७.९. यांची सरासरी १३ येते हे खरे. पण त्याची तुलना २५ शी करणे चूक आहे. आपली इमारत १९८८ सालची आहे. त्या वेळच्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार आरसीसीला एम-१५, म्हणजे १५ ताकदीचे काँक्रीट चालत असे आणि आपल्या मूळ ड्रॉइंगवर एम-१५ च लिहिलेले आहे. किमान एम-२० ची अट २००० सालच्या आवृत्तीत आली. इमारतीचे डिझाइन एम-१५ धरूनच केले आहे, त्यामुळे पहिला प्रश्न हाच की कॉलममध्ये एम-१५ उरले आहे का.

त्यासाठी त्याच मानकात कोअरची कसोटी दिली आहे: सरासरी मूळ ग्रेडच्या ८५ टक्क्यांहून कमी नको आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. १५ चे ८५ टक्के म्हणजे १२.७५, तर ७५ टक्के म्हणजे ११.२५. आपली सरासरी पास होते, दोन कोअर मात्र साफ नापास होतात. खजिनदार याच सरासरीच्या जोरावर "प्लॅस्टर आणि रंगात काम भागेल" असे लोकांना सांगत आहेत. आपण म्हणता सगळी इमारत गेली, ते म्हणतात काहीच झालेले नाही, आणि दोघेही एकच आकडा दाखवता. चार कॉलम ठीक आहेत आणि दोन धोक्यात आहेत, ही या सहा आकड्यांतली गोष्ट सरासरी काढली की दिसेनाशी होते.

ते दोन कॉलम म्हणजे बी विंगचे ७ आणि ८ क्रमांकाचे, संडास-बाथरूमच्या डक्टला लागून असलेले. आता माझ्या तक्रारीकडे येतो. ४०३ च्या सभासदांनी बाथरूमच्या फरशा बदलताना खालचे वॉटरप्रूफिंग उखडले आणि तेव्हापासून माझ्या ३०३ च्या छतातून आणि डक्टच्या भिंतीतून पाणी झिरपते. त्याच डक्टमधल्या ड्रेनेजच्या उभ्या पाइपचा सांधाही गळतो. फ्लॅटच्या आतली गळती त्या सभासदाने आणि सामाईक पाइपची सोसायटीने दुरुस्त करायची, असे आपल्या उपविधींमध्ये स्पष्ट आहे. याबद्दल मी दिलेली पत्रे दप्तरी आहेत. २०१७ च्या ऑडिटमध्येही डक्टची गळती थांबवा असे लिहिले होते. ४०३ चे सभासद त्या वेळी समितीत होते. त्यांना नोटीस गेली नाही. पाणी मात्र सात वर्षे त्याच दोन कॉलमवरून खाली उतरत राहिले.

नुकसान नेमके कसे झाले हेही अहवालातच आहे. सळईतील विद्युत विभव मोजणारी हाफ-सेल चाचणी या दोन कॉलमवर उणे ४१० आणि उणे ४३० मिलिव्होल्ट दाखवते. आकडा उणे ३५० च्याही खाली गेला, तर आत गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त मानतात. पुढच्या बाजूच्या कॉलमवर तो उणे १५० च्या आसपास आहे. तो उणे २०० पर्यंत पोहोचत नाही, म्हणजे तिथे गंज नसण्याची शक्यता तितकीच मोठी आहे. गंज किती वेगाने चालला आहे हे ही चाचणी सांगत नाही, पण तो कुठे चालला आहे हे तिने दाखवून दिले आहे. गंजलेली सळई फुगते, आतून काँक्रीट फोडते आणि उभी चीर पडते. या दोन्ही कॉलमवर ती चीर पार्किंगमध्ये उभे राहून कोणालाही दिसेल.

२०१८ मध्ये ही चीर बुजवली होती ना, असे आपण विचाराल. बुजवली होती. ठेकेदाराने उघडी पडलेली सळई ब्रशने घासली, वर पॉलिमर मॉर्टर लावले आणि रंग दिला. पाणी बंद केलेच नाही. जुन्या बिघडलेल्या काँक्रीटमध्ये नवा ठिगळ लावला की ठिगळाखालची सळई सुरक्षित होते, पण कडेला जुन्या काँक्रीटमधली सळई पूर्वीपेक्षा लवकर गंजू लागते. आज नव्या चिरा बरोबर त्या ठिगळांच्या कडेने आहेत. म्हणून "दुरुस्ती करून काय उपयोग झाला?" हा सभासदांचा प्रश्न मला समजतो, पण तिथे झाली ती दुरुस्ती नव्हतीच. खऱ्या दुरुस्तीत भार टेकूंवर घेतात, खराब काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढतात, जिथे सळई झिजली आहे तिथे नवी जोडतात आणि सभोवती सळयांचा पिंजरा बांधून मायक्रोकाँक्रीटचे जॅकेट घालतात. कॉलम जाड होतो, पार्किंगची जागा थोडी कमी होते, आणि हे सगळे गळती थांबल्यानंतरच टिकते.

खजिनदारांचा दुसरा भर रिबाउंड हॅमरच्या आकड्यांवर आहे. हॅमर फक्त पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कडक होतो आणि हॅमर आहे त्याहून जास्त ताकद दाखवतो. त्यावरून काढलेल्या ताकदीत २५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते, हे त्या चाचणीच्या भारतीय मानकातच लिहिले आहे. कोअर कुठे घ्यायचा हे ठरवण्यापुरता तो उपयोगी. निकाल त्यावर लावू नये.

आता आयुष्याचा प्रश्न, कारण "दुरुस्ती केली तरी किती वर्षे?" हेच सगळे विचारतात. फिनॉल्फ्थॅलीन फवारल्यावर निरोगी काँक्रीट गुलाबी होते, कार्बन डायऑक्साइडने क्षारता गमावलेले रंगहीन राहते. पुढच्या कोरड्या कॉलममध्ये हा रंगहीन थर ३६ वर्षांत २४ मिलिमीटर आत गेला आहे. तो वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे खोली दुप्पट व्हायला काळ चौपट लागतो. या हिशोबाने सळईपर्यंतचे ४० मिलिमीटरचे कव्हर पार करायला एकूण सुमारे १०० वर्षे लागतील. चीर पडली किंवा ओल आली की हा हिशोब मोडतो, पण कोरड्या कॉलमना घाईने मरणपंथाला लावायचे कारण नाही. स्लॅबचे तसे नाही. तिथे कव्हर जेमतेम १५ मिलिमीटर आहे आणि थर ते केव्हाच ओलांडून गेला आहे. स्लॅबच्या दुरुस्तीचा खर्च मोठा असेल आणि तो सभासदांपासून लपवू नये.

पुनर्बांधणीच्या बाजूनेही दोन खरे मुद्दे आहेत आणि आपल्या सारांशात नेमके तेच नाहीत. काँक्रीटमध्ये क्लोराइड मुरलेले असेल, तर जॅकेट घालूनही आतला गंज थांबत नाही. आयएस ४५६ ची मर्यादा घनमीटरला ०.६ किलो आहे. आपल्याकडे ही चाचणी झालेलीच नाही. दुसरे म्हणजे, खाली भिंतींशिवाय मोकळे पार्किंग आणि वर भिंतींचे मजले अशी रचना भूकंपात कमकुवत ठरते. आपली इमारत ते तपासून बांधलेली आहे का, हे अहवाल सांगत नाही. ही दोन उत्तरे वाईट आली, तर पुनर्बांधणीच्या बाजूने पहिले मत मी देईन.

अभियंत्याने इमारत सी-२ब वर्गात टाकली आहे, म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करता येण्यासारखी, आणि त्याला अट घातली आहे की कॉलम ७ व ८ ला ताबडतोब टेकू द्यावेत. राहण्यास अयोग्य आणि पाडण्यायोग्य इमारतीचा वर्ग सी-१ आहे. सारांशात वर्गाचा उल्लेख नाही आणि टेकूंचाही नाही. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार ५१ टक्के संमती मिळाली, तरी विकासक नेमणे, करार आणि परवानग्या यांत मोठा काळ जाईल आणि तोपर्यंत आम्ही याच दोन कॉलमवर राहणार. टेकू हे दुरुस्तीवाल्यांचे काम आहे असे समजून ते अडवून ठेवू नका, दोन्ही वाटांना ते लागणारच आहेत.

३० वर्षांपुढच्या इमारतीचे ऑडिट दर तीन वर्षांनी करावे असे आदर्श उपविधी ७७ सांगतो. २०१७ नंतर आपण थेट २०२४ मध्ये केले. ते गेले ते गेले. आता माझ्या मागण्या अशा:

कॉलम ७ व ८ ला अभियंत्याच्या देखरेखीखाली या आठवड्यात टेकू द्यावेत आणि तिथल्या दोन पार्किंग जागा रिकाम्या कराव्यात. त्यांतली एक आपली आहे हे मला माहीत आहे. ४०३ ला गळतीची लेखी नोटीस द्यावी आणि डक्टमधला पाइप सोसायटीने बदलावा. क्लोराइड चाचणी करून घ्यावी आणि तिचा निकाल येईपर्यंत सभा पुढे ढकलावी. सध्याचा सारांश मागे घेऊन सहाही कॉलमचे निकाल, वर्ग आणि अट असलेला नवा सारांश अभियंत्याच्या सहीने द्यावा, आणि सभेत त्यांनाच बोलावून प्रश्न विचारू द्यावेत.

टेकूंबाबत आठ दिवसांत हालचाल दिसली नाही, तर अहवालाच्या प्रतीसह हे पत्र महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात आणि उपनिबंधकांकडे देईन.

आपला विश्वासू,
सभासद, फ्लॅट क्र. ३०३, बी विंग

प्रत: सेक्रेटरी व खजिनदार, दोन्ही विंगचे सूचना फलक