‘हात तर लावला नाही ना?’ एवढंच विचारू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे आणि तिथल्याच वसतिगृहात राहतो. यूजीसीच्या 2009 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयाच्या रॅगिंगविरोधी समितीत पोलीस, पालक आणि विद्यार्थी यांच्याबरोबर स्थानिक प्रसारमाध्यमांचा प्रतिनिधीही असायला हवा. माझं म्हणणं ऐकायला बसलेल्या समितीत तसं कुणीच नव्हतं. म्हणून समितीला लिहिलेलं हे पत्र आपल्याकडे पाठवत आहे. महाविद्यालयाचं आणि माझं नाव छापू नये, ही विनंती.

माननीय अध्यक्ष आणि सदस्य,

माझी लेखी तक्रार आपल्याकडे आहे. सुनावणीच्या वेळी आपण मला पहिला प्रश्न विचारला, ‘मारलं का?’ मी नाही म्हणालो. ‘अंगाला हात लावला?’ तेही नाही. त्यावर आपल्यातले एक सर म्हणाले, ‘मग ही ओळखपरेड झाली, दरवर्षी होते.’ पुढचं सांगायला मला वेळ मिळाला नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो.

वसतिगृहाच्या ग्रुपवर संध्याकाळी साधा मेसेज येतो, ‘ज्युनिअर्सनी जेवण झाल्यावर वर यावं, ओळख करून घेऊ.’ वाचणाऱ्याला त्यात काही वावगं दिसणार नाही. रात्रीची हजेरी झाली, रेक्टर सर झोपायला गेले, की आम्हाला दुसऱ्या मजल्यावर बोलावलं जातं. दारातच सगळ्यांचे फोन उशीच्या अभ्र्यात जमा होतात. भिंतीला पाठ लावून ओळीने उभं राहायचं आणि नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवायची. मान वर केली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग इंट्रो द्यायचा: नाव, आडनाव, गाव, सीईटीला किती, ॲडमिशन कुठल्या कॅटेगरीतून, वडील काय करतात.

माझे आईवडील ऊसतोडीला जातात. मी ते सांगितलं. एका सीनिअरने माझ्या हातात ड्रॉइंगची पट्टी दिली आणि म्हणाला, ‘हा कोयता. दाखव कसं तोडतात.’ मी खाली वाकून हवेत पट्टी फिरवली. नंतर खाटेवरची गादी गुंडाळून दोरीने बांधली, माझ्या डोक्यावर दिली आणि मोळी म्हणून खोलीत फेऱ्या मारायला लावल्या. बाकीच्या ज्युनिअर्सनी हसायचं होतं. जो हसला नाही त्याला माझ्या मागून चालायला लावलं. ‘तुझी आई कशी चालते ते कर,’ असं म्हटल्यावर मी थांबलो. माझ्या आईने गरोदरपणातही मोळ्या वाहिल्या आहेत. तिची नक्कल मी करणार नव्हतो. थांबल्याबद्दल मला पहाट होईपर्यंत झोपू दिलं नाही. बाकीच्यांनाही माझ्यामुळे उभं राहावं लागलं, आणि हे मुद्दाम केलं जातं, कारण मग उरलेली मुलं सीनिअर्सवर नाही, माझ्यावर चिडतात.

माझ्या अंगावर वळ नाही. पण महाराष्ट्राचा 1999 चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा वळ मागतच नाही. विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा संकोच वाटेल असं वागणं आणि तो एरवी आपणहून करणार नाही असं काही करायला लावणं, हे त्यात रॅगिंगच धरलेलं आहे. यूजीसीने 2016 मध्ये केलेल्या दुरुस्तीत जात, भाषा, प्रदेश, दिसणं आणि आर्थिक परिस्थिती यांवरून दिलेला त्रासही स्पष्ट शब्दांत आला. पट्टीचा कोयता आणि गादीची मोळी याहून वेगळं काय आहे?

आपण म्हणालात, पुरावा नाही, आणि बाकीची मुलं तर काही झालं नाही म्हणतात. सर, ती मुलं सीनिअर्सच्या समोर बसून बोलत होती. आपण आम्हाला आणि त्यांना एकाच टेबलाभोवती बसवलं होतं. सुनावणी संपल्यावर त्यांना त्याच जिन्याने त्याच इमारतीत परत जायचं होतं. प्रत्येकाला वेगळं बोलावा, नाव गुप्त राहील असं सांगा आणि मग विचारा.

पुरावाही आहे. फोन काढून घेतले तरी जिन्याजवळचा कॅमेरा चालू असतो. आमच्या मजल्यावरची सगळी मुलं रात्री ओळीने वर जाताना आणि उजाडायच्या सुमारास उतरताना त्यात दिसतील. खोलीत काय झालं ते कॅमेरा सांगणार नाही, पण पहिल्या वर्षाची मुलं रात्रभर दुसऱ्या मजल्यावर का होती, याचं उत्तर सीनिअर्सना द्यावं लागेल. हे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ते वेगळं काढून ठेवा असं मी तक्रारीतच लिहिलं होतं. ते काढलं की नाही, मला अजून कळलेलं नाही. दुसरं म्हणजे, सीनिअर्सच्या सबमिशनच्या फाइल्स मागवा. जर्नल त्यांची आहेत, अक्षर आमचं आहे. आमच्या वह्यांशी ताडून पाहिलं तर कोण कुणाकडून काय करून घेतं ते आपल्याला टेबलावरच दिसेल. हा पुरावा कुणी पुसूही शकत नाही.

सुनावणीच्या शेवटी माझ्यापुढे एक कागद ठेवला गेला. ‘गैरसमज झाला होता, आता तक्रार नाही,’ असं त्यावर होतं. मी सही केली नाही. त्या मुलांचं करिअर खराब होईल, मोठ्या मनाने सोडून दे, असं मला सांगण्यात आलं. त्यांचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. त्यांच्यातला एक नंतर मला म्हणाला, ‘आमच्या वेळी याहून जास्त झालं होतं.’ मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. त्या वेळीही कुणीतरी अशाच कागदावर सही केली असणार.

कायद्याप्रमाणे तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी व्हायला हवी. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर संस्थाप्रमुखांनी त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवायची असते. तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं असतं. समजुतीच्या कागदाचा तिसरा रस्ता त्यात नाही. संस्थाप्रमुखांनी कारवाई टाळली तर त्यांनी रॅगिंगला मदत केली असं मानलं जातं, हेही त्याच कायद्यात आहे. ही धमकी नाही. आपल्यातल्या काही सदस्यांना हे माहीत नसावं असं सुनावणीत जाणवलं, म्हणून लिहितो.

माझं मागणं एवढंच आहे: कॅमेऱ्याचं चित्रण सुरक्षित ठेवा, मुलांचे जबाब वेगवेगळे घ्या, फाइल्स तपासा आणि निर्णय काहीही असो, तो मला लेखी द्या. तोपर्यंत रात्रीच्या हजेरीनंतर आमच्या मजल्याच्या दाराशी सुरक्षारक्षक बसवा. नव्या मुलांना शक्यतो वेगळं ठेवावं आणि सीनिअर्सच्या तिथल्या येण्याजाण्यावर लक्ष असावं, असं नियमांतच आहे.

मी ही तक्रार 1800-180-5522 या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही नोंदवली आहे. माझ्या मजल्यावरच्या ज्या मुलांना समितीसमोर बोलता आलं नाही, त्यांच्यासाठी तो क्रमांक इथे मुद्दाम लिहिला आहे. तिथे नाव न सांगताही तक्रार करता येते.

आपला,
प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी
(नाव व पत्ता संपादकांकडे)