डेटा कोण खातं? त्या स्क्रीनवरचा दुसरा आकडा पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मोबाइलचा डेटा आपोआप संपतो, यात कंपनीचीच लबाडी आहे’ अशा आशयाचं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. कंपनीची वकिली मला करायची नाही. पण माझा व्यवसाय मोबाइल दुरुस्तीचा, आणि ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी त्याच्याच फोनमधली एक स्क्रीन उघडून दाखवतो. कोणतं अ‍ॅप किती डेटा वापरतं याचा हिशेब तिथे असतो. अनेकांनी ती कधी पाहिलेली नसते. ज्यांनी पाहिलेली असते त्यांतले बरेच जण चुकीचा आकडा वाचून भलत्याच अ‍ॅपला फासावर चढवतात.

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क किंवा कनेक्शन्स, मग सिम आणि तिथे ‘अ‍ॅप डेटा युसेज’, असा साधारण रस्ता. फोनगणिक नावं थोडी बदलतात, म्हणून सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत data usage टाइप करणं सोपं. यादीत सगळ्यात जास्त डेटा वापरलेलं अ‍ॅप वर असतं. पण खरी माहिती त्या अ‍ॅपच्या नावावर बोट ठेवल्यावर मिळते. तिथे एकूण आकड्याचे दोन भाग पाडलेले असतात: फोरग्राउंड, म्हणजे अ‍ॅप समोर उघडं असताना गेलेला डेटा, आणि बॅकग्राउंड, म्हणजे तुमचं त्याच्याकडे लक्ष नसताना गेलेला.

मध्यंतरी एक काका आले. महिन्याचा डेटा अठराव्या दिवशीच संपलेला, आणि गुन्हेगार कोण हे त्यांनी घरूनच ठरवून आणलेलं: व्हिडिओ पाहण्याचं अ‍ॅप, ९.२ जीबी, यादीत पहिलं. ते काढून टाका म्हणाले. मी उघडून पाहिलं तर त्यातले ९.१ जीबी फोरग्राउंडला. म्हणजे ते व्हिडिओ काकांनी स्वतः बसून पाहिलेले होते. अ‍ॅपने चोरी केली नव्हती, मागितलं तेवढंच दिलं होतं. (काका यावर काही बोलले नाहीत.)

यादीत दुसरं होतं फोटो साठवणारं अ‍ॅप. एकूण ७.४ जीबी, फोरग्राउंडला जेमतेम ०.१, उरलेले ७.३ बॅकग्राउंडला. ‘हे तर मी उघडतच नाही,’ काका म्हणाले. ते खरंच होतं, आकडाही तेच सांगत होता. तिसरं मेसेजचं अ‍ॅप, ४.१ जीबी, त्यातले ३.६ बॅकग्राउंडला.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. काकांच्या पाच-सहा ग्रुपांवर रोज व्हिडिओ येतात आणि मेसेजच्या अ‍ॅपमध्ये ते मोबाइल डेटावरही आपोआप उतरवून घेण्याची सोय चालू होती. उघडले नाहीत तरी उतरणारच. हे झाले साडेतीन जीबीच्या आसपास. फोटोंच्या अ‍ॅपला मेसेजमधून आलेल्या फोटो-व्हिडिओंचे फोल्डरही बॅकअपसाठी दिलेले होते, आणि मोबाइल डेटावर बॅकअप करण्याची परवानगीही. त्यामुळे ग्रुपवरचा प्रत्येक व्हिडिओ एकदा खाली उतरत होता आणि लगेच पुन्हा वर चढत होता. एकाच व्हिडिओचा भुर्दंड दोन अ‍ॅपांच्या नावावर. उरलेल्या साडेतीन-पावणेचार जीबीचं कारण त्यांच्या गॅलरीत मिळालं. घरच्या कार्यक्रमाचं अर्ध्या तासाचं चित्रीकरण होतं. फुल एचडीचा एक मिनिट साधारण १०० एमबी धरला तर ३ जीबी तिथेच गेले, शिवाय दोनेकशे फोटो. यादीच्या वरच्या आलेखातली रेषाही नेमकी त्या कार्यक्रमाच्या दोन दिवसांत उभी चढलेली होती.

अ‍ॅपच्या नावावर बोट ठेवल्यावर जे पान उघडतं, त्याच पानावर ‘बॅकग्राउंड डेटा’ नावाचं एक बटण असतं. सगळ्यांचा हात आधी तिकडे जातो. फोटोंच्या अ‍ॅपसाठी ते बंद केलं तर फारसं बिघडत नाही. मेसेजच्या अ‍ॅपचं बंद केलं तर वाय-फाय नसताना मेसेज उशिरा येतात किंवा अ‍ॅप उघडल्यावर एकदम धडाधड कोसळतात. मग लोक ‘नेटवर्क खराब आहे’ म्हणून पुन्हा आमच्याकडेच येतात! म्हणून मी काकांच्या फोनमध्ये ते बटण तसंच ठेवलं आणि अ‍ॅपांच्या आतल्या सेटिंग बदलल्या: फोटोंचा बॅकअप फक्त वाय-फायवर, मेसेजच्या फोल्डरचा बॅकअप बंद, आणि मोबाइल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद. मजकूर येत राहतो, हवा तो व्हिडिओ बोट लावून उतरवायचा.

फोरग्राउंड या शब्दावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. स्क्रीन बंद करून गाणी ऐकत असाल किंवा रस्ता दाखवणारं अ‍ॅप मागे चालू असेल, तर वरच्या सूचनांच्या पट्टीत त्या अ‍ॅपची नोंद कायम दिसत राहते. अशा पद्धतीने चालणाऱ्या अ‍ॅपचा डेटा अँड्रॉइड फोरग्राउंडमध्ये धरतं, आणि बॅकग्राउंडचं बटण बंद केल्याने तो थांबतही नाही. तसंच यादीत ‘गुगल प्ले सर्व्हिसेस’चा आकडा मोठा दिसला म्हणून घाबरू नये. अ‍ॅपांच्या सूचना पोचवणं, फोनचा बॅकअप घेणं अशी इतरांची हमाली तिच्या नावावर पडते, त्यामुळे खरं कारण दुसऱ्या ठिकाणच्या सेटिंगमध्ये सापडतं.

आयफोनवाल्यांची गोष्ट वेगळी. सेटिंग्जमध्ये मोबाइल डेटाच्या पानावर प्रत्येक अ‍ॅपपुढे आकडा असतो, पण फोरग्राउंड-बॅकग्राउंड अशी फोड तिथे मिळत नाही. ‘करंट पीरियड’ लिहिलेलं असलं तरी तो आकडा दर महिन्याला आपोआप शून्यावर येईलच असं धरून चालू नका. पानाच्या तळाशी ‘रीसेट स्टॅटिस्टिक्स’ आहे, शेवटचं कधी रीसेट केलं तेही तिथेच दिसतं. कित्येकदा तिथे दोन-तीन वर्षांपूर्वीची तारीख निघते आणि लोक ती बेरीज या महिन्याची समजून हादरलेले असतात. आणि अ‍ॅपपुढचं बटण तिथे बंद केलं तर त्या अ‍ॅपचा मोबाइल डेटा पूर्ण बंद होतो, नुसता बॅकग्राउंडचा नाही.

अँड्रॉइडवरही तारखांचा घोळ होतोच. फोन आपला महिना पहिल्या तारखेपासून मोजत असेल आणि तुमचा रिचार्ज १७ तारखेचा असेल, तर दोन हिशेब कसे जुळणार? डेटा सायकलची तारीख आपल्या रिचार्जप्रमाणे लावून घ्यावी. तरीही फोनची आणि कंपनीची मोजणी तंतोतंत एक येत नाही, थोडा फरक राहतो. फरक थोडा नसून काही जीबींचा असेल, तर आधी यादीतली हॉटस्पॉटची ओळ तपासावी आणि मग त्या वाचकाने जरूर कंपनीशी भांडावं.

काका आठ दिवसांनी परत आले, जरा तणतणतच. ‘तुम्ही काही केलेलं नाही, फोटोंच्या अ‍ॅपपुढे अजूनही ७.४च आहे!’ हा आकडा बेरजेचा आहे, सायकल संपेपर्यंत कमी होत नाही, हे मी त्यांना सांगायचं विसरलो होतो. आठ दिवसांत तो ७.४ वरून ७.५ सुद्धा झाला नव्हता.

आपला,
मोबाइल दुरुस्ती करणारा एक वाचक