तू मला मेणबत्तीचा अर्थ सांगितलास, त्याबद्दल

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी 2025 मध्ये तुझ्या आजीच्या अंत्यविधीला मी आपल्या नागपुरातल्या तुमच्या चर्चमध्ये आले होते. शवपेटीच्या उशाशी उंच, जाड मेणबत्ती तेवत होती आणि नवे वर्ष लागलेले असूनही तिच्यावर 2024 लिहिलेले होते. आमच्याकडे माणूस गेल्यावर दहा दिवस दिवा तेवत ठेवतात, म्हणून आत्म्याला वाट दिसावी यासाठीच ही असेल असे मला वाटले आणि अवेळी असूनही मी तुला तसे विचारले. तू रागावली नाहीस. "ती आजीसाठी लावलेली नाही, ती येशूची खूण आहे. ईस्टरला ये, म्हणजे दाखवते," एवढेच डोळे पुसत म्हणालीस.

एकोणीस एप्रिलच्या रात्री तू मला बोलावलेस. चर्चमधले सगळे दिवे बंद होते आणि बाहेर अंगणात शेकोटी पेटवली होती. फादरांनी नव्या मेणबत्तीवर क्रूस कोरला, त्याच्या वर आणि खाली ग्रीक वर्णमालेतले पहिले व शेवटचे अक्षर काढले, चार कोपऱ्यांत 2025 चे चार आकडे घातले आणि ख्रिस्ताच्या पाच जखमांची आठवण म्हणून धुपाचे पाच खडे बसवले. या मेणबत्तीचे वर्ष ईस्टरपासून ईस्टरपर्यंत चालते, हे तेव्हा तू कानात सांगितलेस आणि जानेवारीतल्या त्या आकड्याचा उलगडा झाला.

शेकोटीवर पेटवलेली ती एकच ज्योत अंधाऱ्या चर्चमध्ये नेताना तीनदा थांबून "ख्रिस्ताचा प्रकाश" असा घोष झाला आणि तिच्यावरून सर्वांच्या हातांतल्या मेणबत्त्या पेटत गेल्या. मी माझी पेटती मेणबत्ती शेजारच्या काकूंकडे कलती करणार, तोच तू माझा हात धरलास. पेटती सरळ ठेवायची आणि न पेटलेली तिच्याकडे कलती करायची, म्हणजे वितळलेले मेण कोणाच्या हातावर सांडत नाही. ज्योती विझू नयेत म्हणून पंखेही बंद होते. एप्रिलच्या त्या उकाड्यात सगळे घामाने निथळत होते, तरी कोणी जागचे हलले नाही.

मारियेच्या मूर्तीपुढच्या छोट्या मेणबत्त्या ज्याच्या त्याच्या प्रार्थनेच्या असतात. ही मात्र मरणातून उठलेल्या ख्रिस्ताची, हा फरक मला तुझ्यामुळे कळला. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची मेणबत्ती हिच्यावरूनच पेटवतात, असे सांगून तू घरी कपाटातून तुझी स्वतःची, काळ्या वातीची अर्धी मेणबत्ती काढून दाखवलीस. बाप्तिस्म्याला जिच्यावरून आपली ज्योत घेतली, तीच खूण अखेरीस उशाशी असते, हे तिच्याकडे पाहताना मला उमगले आणि आजीजवळच्या त्या मेणबत्तीविषयी आणखी काही विचारायचे उरले नाही.

तुझ्या दुःखाच्या वेळी विचारलेला माझा प्रश्न तू तीन महिने लक्षात ठेवलास, याबद्दल तुझे आणि त्या रात्री मला आपल्याशेजारी बसवून घेणाऱ्या तुझ्या आईचे मनापासून आभार.

तुझी मैत्रीण,
नागपूर