कोजागिरीच्या स्वागताबद्दल तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना

आदरणीय काकू,

कोजागिरी आटोपली, भाड्यानं आणलेली पातेली परत गेली, तरी जिन्यात अजून त्या रात्रीच्या स्वागताबद्दल बोलणं चालू आहे. मनीषनगरातल्याच दुसऱ्या दोन सोसायट्यांनी तर "तुमचं ते भाषण पाठवा" म्हणून निरोप धाडला. नुसतं भाषण पाठवून त्यांना उपयोग नाही, त्यातली माणसं आपली आहेत. तुम्ही ते कसं तयार करून घेतलंत हे मात्र पाठवण्यासारखं आहे. म्हणून हे पत्र उघड लिहिते.

समितीनं सुरुवातीचं स्वागत माझ्याकडे दिलं तेव्हा मी सरळ तुमच्या दारात आले, कारण तुमची सगळी नोकरी आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर निवेदनात गेलेली. मला वाटलं होतं तुम्ही दोन चांगली वाक्यं सुचवाल. तुम्ही वाक्यांचं नावही काढलं नाही. "येणार कोण कोण, ते आण आधी," म्हणालात.

मी सोसायटीच्या दप्तरातून सभासदांची यादी आणली. त्यात घरमालक होते. भाडेकरूंची नावं त्या यादीत नसतातच, आणि आपल्याकडे मिहानमध्ये किंवा एम्समध्ये नोकरीला आलेली बहुतेक मंडळी भाड्यानं राहतात. उलट, यादीतले काही मालक पुण्यात नाहीतर परदेशात. तुम्ही ती यादी बाजूला ठेवलीत आणि मला चौकीदाराकडे आणि दूधवाल्याकडे पाठवलंत. मागच्या कोजागिरीनंतर कोणत्या दाराशी नवं दूध सुरू झालं आणि कोणत्या दाराशी कमी झालं, हे त्या दोघांना तोंडपाठ होतं. नवी घरं तिथून कळली. दूध कमी झालेली घरंही तिथूनच कळली, आणि त्यांचा विषय तुम्ही नंतर काढलात.

नव्या घरी जाऊन काय विचारायचं तेही तुम्हीच सांगितलंत: घरच्यांची नावं त्यांच्याच तोंडून ऐकून जशी ऐकली तशी लिहायची, कुठून आलात ते विचारायचं, आणि माइकवरून नाव घेतलं तर चालेल का याची परवानगी घ्यायची. ही परवानगी मला आधी उगीच वाटली. पण एका ताईंनी हसून सांगितलं, "गावाचं नाव घ्या, माझं नको." त्यांचं कारण त्यांच्यापाशी. आदिलाबादहून आलेल्या कुटुंबाकडे तर तुमचा सल्ला फारच कामी आला. तेलुगू नावात घराण्याचं नाव पुष्कळदा आधी येतं आणि माणसाचं नंतर. दारावरच्या पाटीतला पहिला शब्द उचलून मी "अमुकजी" म्हटलं असतं, तर सगळ्या सोसायटीसमोर त्यांना आडनावानं हाक गेली असती, आणि पुढं वर्षभर सगळ्यांनी तीच धरली असती.

मग तुम्ही जुन्यांकडे वळलात. आजवर मी जेवढी स्वागतं ऐकली, त्यात नव्यांचं स्वागत होतं आणि जुन्यांचे आभार मानले जातात. तुम्ही म्हणालात, "जुन्यांचंही स्वागतच कर. गुडघ्यांमुळे जे दोन वर्षं खाली उतरले नाहीत, ते आज गच्चीवर आले तर नवेच ना?" त्यांच्याबद्दल "ज्येष्ठ", "मार्गदर्शक", "आधारस्तंभ" असलं काही लिहू नकोस, हेही बजावलंत. त्यांनी केलेली आणि नवे लोक रोज वापरतात अशी एकेकच गोष्ट शोधायला लावलीत. शोधायला संध्याकाळी पायऱ्यांवर बसावं लागलं, पण सापडल्या. इथं नळ नव्हता आणि उन्हाळ्यात टँकर यायचा, तेव्हा बोअरवेलसाठी घरोघरी फिरून वर्गणी कोणी गोळा केली, ते कळलं. फाटकाजवळचा कडुलिंब कोणी लावला आणि भर मे महिन्यात बादलीनं पाणी घालून कोणी जगवला, ते कळलं. जिन्याला दुसऱ्या बाजूनं कठडा कोणाच्या हट्टामुळे लागला, तेही. नव्यांनी हे सगळं वापरलं होतं. ते कोणाच्या कष्टाचं आहे, एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

एवढं हाती आल्यावर तुम्ही नव्या-जुन्यांच्या जोड्या लावल्यात, आणि माझ्या मते सगळ्या स्वागताचा जीव त्यात आहे. विंगवार नाही, पदाधिकारी आधी असं नाही. कोरब्याहून आलेल्या कुटुंबाची गाडी कडुलिंबाच्या सावलीत उभी असते, म्हणून त्यांचं नाव कडुलिंबवाल्या आजोबांच्या लगेच नंतर. ज्या घरात पहिलं मूल नुकतंच पायऱ्या चढायला शिकलंय, त्यांचं नाव कठड्याचा हट्ट धरणाऱ्या मावशींशेजारी. ऐकणाऱ्याला दोन नावं एकत्र ऐकू येतात, आणि कार्यक्रमानंतर त्या दोन घरांना एकमेकांशी बोलायला विषय आयता मिळतो.

ज्यांनी भाषण मागितलंय त्यांच्यासाठी सुरुवातीचा थोडा भाग इथं देते:

"नमस्कार मंडळी. चंद्र वर आलाय, दूध चुलीवर आहे, आणि आपण सगळे एका गच्चीवर आहोत. खाली फाटकाशी जो कडुलिंब आहे, तो आपल्या पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी लावला. आजोबा, आज तुम्ही चार मजले चढून आलात, तुमचं स्वागत. त्या झाडाखाली आजकाल एक पांढरी गाडी असते. कोरबा से आए हमारे नए पड़ोसी, यह छाँव इन्हीं दादाजी की दी हुई है, आज इनके पास बैठिए। आपका स्वागत है।"

हिंदीचंही तुम्हीच ठरवलंत. प्रत्येक वाक्य मराठीत म्हणून मग हिंदीत पुन्हा म्हणायचं नाही, त्यानं दोन्हीकडचे लोक अर्धा वेळ नुसते थांबून राहतात. ज्याच्याशी बोलतोय त्याच्या भाषेत ते वाक्य म्हणायचं आणि पुढं जायचं. नागपुरात एवढी हिंदी सगळ्यांना कळते आणि एवढी मराठीही.

आता त्या दूध कमी झालेल्या घरांबद्दल. दोन घरांत यंदा माणूस गेलं, त्यांच्याकडे वर्षभर सण नाही. मी एक वाक्य लिहिलं होतं, त्यांचं दुःख आपलं आहे अशा अर्थाचं. वाक्य बरं होतं, पण तुम्ही विचारलंत, "हे म्हणशील तेव्हा सगळे कोणाकडे बघतील?" आणि ते काढलंत. त्याऐवजी तुम्ही स्वतः दोन्ही घरी जाऊन आलात. एका घरच्या वहिनींना त्यांच्या सासऱ्यांचं नाव बोअरवेलच्या गोष्टीत यावं असं वाटत होतं, ते तसं आलं. दुसऱ्या घरी काहीच नको होतं. तिथं नाव घेतलं नाही, फक्त तुमच्या शेजारची खुर्ची ठेवली आणि तुम्ही त्यांना हाताला धरून घेऊन आलात. काकू, त्या रात्रीतलं सगळ्यात मोठं काम मला हे वाटतं, आणि ते माइकवर कुठंच ऐकू आलं नाही.

वेळेचा हिशेब तुमचा पक्का. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही. सरकार वर्षातल्या मोजक्या दिवसांना बारापर्यंत सूट देतं, पण कोजागिरी त्यात धरून चालू नका, असं तुम्ही समितीला स्पष्ट सांगितलंत. चंद्र डोक्यावर यायला बाराच्या आसपास होतात, दूध तेव्हाच वाटायचं. म्हणून माइकचं सगळं आठ ते दहात, पुढं नुसत्या गप्पा. त्यातलं स्वागत चार मिनिटांचं. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरायचे आणि प्रत्येक नावानंतर एक श्वास थांबायचं, म्हणजे लोकांना मान वळवून बघता येतं. सगळं मिळून चारशे शब्दांच्या आतच ठेवायला लावलंत.

कागदाऐवजी जाड कार्डं, एका बाजूनं लिहिलेली, एका कार्डावर एकच जोडी. पातळ कागद माइकजवळ खडखडतो हे मला पटलं होतं, पण कार्डांचा खरा फायदा गच्चीवर कळला. बालाघाटचं कुटुंब वेळेवर पोचलंच नाही, ताईंची ड्युटी लांबली होती. त्यांचं कार्ड मी सरळ मागं सरकवलं. नाव घेऊन रिकाम्या खुर्च्यांकडे बघायची वेळ आली नाही. माइक चार बोटं दूर आणि जरा तिरका धरल्यामुळे "प" आणि "भ" फुटले नाहीत, मागच्या रांगेत पाण्याच्या टाकीपाशी बसलेल्यांनाही नावं स्वच्छ ऐकू गेली.

शेवटी मी "धन्यवाद" म्हणून टाळ्यांची वाट बघत उभी राहू नये, स्वागत संपताच पुढची गोष्ट सुरू व्हावी, हेही तुमचंच. आपल्या विदर्भात भुलाबाई कोजागिरीलाच निरोप घेते. ज्वारीच्या धांड्यांचं मखर मुलींनी दुपारीच बांधून ठेवलं होतं. माझं शेवटचं वाक्य होतं, "डब्यात खिरापत काय आहे, हे आता या मुली तुम्हाला विचारतील." लगेच डबा वाजवत मुली पुढं आल्या. संत्रा बर्फी, सांबारवडी, फुटाणे, सगळी नावं ओरडून झाली. आदिलाबादच्या आजींना आधी खेळच कळेना. मग त्यांनी तेलुगूत काहीतरी सांगितलं, त्यांच्या नातवानं ते मराठीत केलं, आणि उत्तर बरोबर निघालं, तिळाचे लाडू. बालाघाटच्या ताई तेवढ्यात आल्या. मी त्यांचं कार्ड वाचलं, तेव्हा जिच्याशी त्यांची जोडी होती त्या मावशी आधीच उठून त्यांना जागा करून देत होत्या.

काकू, तुम्ही एकदाही माइक हातात घेतला नाही आणि नाव सांगू नकोस म्हणालात, म्हणून इथंही ते लिहिलेलं नाही. पण आभार मानल्याशिवाय मला राहवत नाही. तुमच्यामुळे मला माझ्याच इमारतीतली माणसं कळली, आणि कडुलिंबवाले आजोबा आता रोज संध्याकाळी कोरब्याच्या मुलांसोबत फाटकाशी बसलेले दिसतात.

कार्डं मी जपून ठेवली आहेत. चौकीदार सांगत होता, चौथ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड येतंय, चंद्रपूरचं. त्यांचं कार्ड घेऊन रविवारी सकाळी येते. पोहे मी आणते, तर्री मात्र तुमच्या हातची.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची, सांस्कृतिक समितीवाली