पहिली सही, दुसरी सही आणि दुसरी बायको : गोव्याच्या कायदामंत्र्यांना खुले पत्र

माननीय कायदामंत्री,
गोवा राज्य, सचिवालय, पर्वरी.

सप्रेम नमस्कार.

गोव्यात सर्व धर्मांना एकच कौटुंबिक कायदा आहे, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो रास्तही आहे. पहिला विवाह कायम असताना केलेला दुसरा विवाह या कायद्यात रद्दबातल आहे, मग पुरुष हिंदू असो, ख्रिस्ती असो की मुसलमान. पण बंदी घालून कायदा थांबला आहे. बंदी मोडून जे लग्न लागते त्यातल्या बाईचे आणि तिच्या मुलांचे काय, याचे उत्तर १९१०च्या पोर्तुगीज विवाह कायद्यात, २०१२च्या गोवा वारसा कायद्यात, फौजदारी संहितेत आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत विखुरलेले आहे. ते गोळा करण्याचे काम आज फसवल्या गेलेल्या बाईवर पडते, आणि तिला ते बहुधा नवरा वारल्यावर करावे लागते. त्यातले काही प्रश्न आपल्या खात्याच्या एका परिपत्रकाने सुटतील, म्हणून हे पत्र.

सुरुवात सहीपासून करतो, कारण बहुतेक फसवणूक तिथेच होते. चर्चमध्ये लागणारे कॅथलिक विवाह सोडले, तर गोव्यात लग्न लागते ते नागरी निबंधकाच्या नोंदवहीत, मांडवात नव्हे. वधू-वर आधी तालुक्याच्या निबंधक कार्यालयात साक्षीदारांसह जाऊन लग्नाचा इरादा जाहीर करतात. ही ‘पहिली सही’. मग हरकतींसाठी नोटीस लागते आणि मुदत संपल्यावर दोघे पुन्हा जाऊन विवाहाच्या नोंदीवर सही करतात. या दुसऱ्या सहीशिवाय विवाह अस्तित्वातच येत नाही. तरीही पहिल्या सहीनंतर हातात शिक्क्याचा कागद पडतो, घरचे म्हणतात ‘रजिस्टर झाले’, देवळात मंगलाष्टके होतात आणि संसार सुरू होतो. आधीच विवाहित असलेल्या पुरुषाला हेच सोयीचे पडते. दुसरी सही टाळली की त्याच्या नावावर दुसरे लग्न कधी चढतच नाही.

इथे कायदा एक विचित्र वळण घेतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ प्रमाणे पती किंवा पत्नी हयात असताना पुन्हा विवाह करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि पहिले लग्न लपवले असेल तर दहा वर्षांपर्यंत. पण दुसरे लग्न त्या व्यक्तींना लागू असलेल्या रीतीने लागले होते हे सिद्ध झाल्याशिवाय द्विभार्येचा गुन्हा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५मध्ये भाऊराव लोखंडे प्रकरणात सांगितले आहे. गोव्यात ही रीत म्हणजे नोंदणी. मग फक्त देवळात लग्न लावणारा म्हणतो, ‘लग्नच झाले नाही, तर गुन्हा कसला?’ म्हणून अशा तक्रारीत केवळ कलम ८२ लिहिणे ही मोठी चूक आहे. वैध विवाह झाल्याचा भास निर्माण करून सहवास करायला लावणे हा कलम ८१ खाली दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि वैध विवाह होत नाही हे ठाऊक असून फसवणुकीने विधी करणे हा कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा. या दोन्ही कलमांना पूर्ण नोंदणी लागत नाही. देवळातला विधी आणि फसवणूक पुरते. तक्रार फक्त पहिल्या बायकोनेच करावी असेही नाही. दुसरी बायकोही पीडित व्यक्ती ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये सुभाष बाबू प्रकरणात मान्य केले. पोलीस ठाण्यात मात्र आजही तिला ‘तुझे लग्नच बेकायदेशीर, तू कशी तक्रार करणार?’ असे ऐकवून परत पाठवले जाते.

आता पैशाचा भाग, जो सर्वांत कमी समजला जातो. एक कल्पित प्रकरण घेऊ. डिचोलीच्या एका गृहस्थाचे २००८मध्ये रीतसर नोंदणी करून लग्न झाले. लग्नापूर्वी वेगळा करार केला नव्हता, म्हणून मालमत्तेची सामायिकी, म्हणजे मिळकतीवर दोघांचा निम्मा-निम्मा हक्क, आपोआप लागू झाली. पुढे तो वेगळा राहू लागला, पण घटस्फोट घेतला नाही. २०१६मध्ये त्याने सत्तरीतल्या एका बाईशी पहिली सही आणि देवळात लग्न केले. २०१९मध्ये म्हापशात ६० लाखांचा फ्लॅट स्वतःच्या एकट्याच्या नावावर घेतला. त्यात २० लाख दुसऱ्या बाईचे होते, दागिने मोडून आणि पगारातून साठवलेले. २०२४मध्ये तो वारला.

फ्लॅट दुसऱ्या संसारातून आला असला तरी सामायिकी पहिल्या लग्नाची आहे. ती केवळ वेगळे राहिल्याने मोडत नाही. त्यामुळे ६० लाखांतले ३० लाख वारसा म्हणून नव्हे, तर स्वतःचा अर्धा हिस्सा म्हणून थेट पहिल्या बायकोचे. उरलेले ३० लाख ही मृताची मिळकत. त्यातला निम्मा, म्हणजे १५ लाख, मुलांसाठी राखीव असतो. तो मृत्युपत्रानेही हलवता येत नाही. त्याने दुसऱ्या बाईला काही ठेवायचे ठरवले असते, तर फार तर उरलेल्या १५ लाखांतून, आणि त्यालाही पहिल्या घरचे वारस आव्हान देऊ शकले असते. मृत्युपत्र नसेल तर तिला वारस म्हणून काहीच नाही. तिचे २० लाख तिला धनको म्हणून मागावे लागतील, बँकेचे उतारे आणि दागिने विकल्याच्या पावत्या दाखवून. पावती नसेल तर तेही बुडाले. हाच फ्लॅट दोघांच्या नावावर निम्मा-निम्मा घेतला असता, तर तिचे ३० लाख तिचेच राहिले असते आणि वाटणी फक्त त्याच्या ३० लाखांची झाली असती. ज्या बाईच्या मनात जराही शंका आहे तिला आमचे एकच सांगणे असते: पैसा घालणार असाल तर खरेदीखतावर नाव घाला, आणि पैसा स्वतःच्या खात्यातून धनादेशाने द्या.

याची दुसरी बाजू खरेदीदाराला भोवते. गोव्यात नवऱ्याला स्थावर मालमत्ता बायकोच्या संमतीशिवाय विकता येत नाही. खरेदीखतावर ‘पत्नी’ म्हणून दुसऱ्या बाईने सही केली तर ती संमती होत नाही, आणि पहिली बायको तो व्यवहार न्यायालयात नेऊ शकते. उपनिबंधक कार्यालयात मात्र ‘पत्नी’ शब्दासमोर विवाहाचा दाखला मागण्याची काटेकोर पद्धत नाही, आणि विवाहाची नोंदवही त्याच कार्यालयात असते.

मुलांबद्दल. १९१०च्या विवाह कायद्यात एक मोलाची तरतूद आहे: विवाह रद्दबातल असला तरी निदान एका पक्षाने तो सद्भावनेने केला असेल, तर त्या पक्षाला आणि मुलांना त्याचे नागरी परिणाम मिळतात. म्हणजे पुरुषाने खोटे शपथपत्र देऊन दुसरी सहीही केली असेल आणि बाईला काही ठाऊक नसेल, तर ती व तिची मुले पूर्ण उघड्यावर पडत नाहीत. पण ही ढाल मिळायला आधी नोंदलेला विवाह हवा. देवळात लग्न झालेल्या, तेवढ्याच निष्पाप बाईला ती मिळत नाही. जिची फसवणूक अधिक सफाईने झाली ती काहीशी सुरक्षित, आणि जिची ढिसाळपणे झाली तिची मुले मात्र अनौरस. हा भेद आम्हाला अन्यायाचा वाटतो.

सावंतवाडी किंवा कोल्हापूरला हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. तिथे हिंदू विवाह कायद्याचे कलम १६ रद्दबातल विवाहातल्या मुलांना, आईवडिलांची सद्भावना न विचारता, औरस मानते, आणि २०२३च्या रेवणसिद्दप्पा निकालाने वडिलांच्या वाट्याला येणाऱ्या एकत्र कुटुंबातल्या हिश्श्यातही त्यांना हक्क मिळाला. गोव्याचा स्वतःचा कायदा असल्यामुळे हे कलम इथे लागू नाही. इथल्या मुलाला पितृत्व कायद्याने मान्य झालेले दाखवावे लागते: जन्मनोंदीत वडिलांची सही, नोंदणीकृत मान्यतापत्र किंवा मृत्युपत्रातला स्पष्ट उल्लेख. यांतले एक वडील हयात असतानाच करून घ्यावे. नाहीतर उत्तराधिकार दस्त करताना घरचे लोक वारसांची नावे सांगतात, त्यात या मुलांची नावे नसतात, आणि मग डीएनए चाचणीसाठी दिवाणी दावा लढणे उरते.

पोटगीचे मात्र सोपे आहे, आणि ते कोणी सांगत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मूल औरस असो वा नसो, त्याला पोटगी मिळते. पहिले लग्न लपवून फसवलेल्या बाईलाही पोटगीपुरते पत्नी मानावे, असा बादशाह विरुद्ध ऊर्मिला गोडसे हा निकाल आहे. जिला पहिल्या लग्नाची पूर्ण कल्पना होती, तिचा दावा मात्र टिकणे कठीण. घरगुती हिंसाचार कायद्याखालीही २०१३च्या इंद्रा सरमा निकालाने हेच सांगितले. सरकारी नोकराच्या दुसऱ्या बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही, पण मुलांचा हक्क वेगळा तपासावा लागतो. केवळ दुसऱ्या लग्नातले मूल म्हणून अनुकंपा नोकरी नाकारता येत नाही, हे २०१८च्या त्रिपाठी निकालाने ठरवले आहे. खात्यांतले कारकून अजून तसे अर्ज सरसकट परत करतात.

मंत्रिमहोदय, आमच्या मागण्या मोजक्या आहेत. चर्चमधले विवाह सोडून, पहिल्या सहीनंतर मिळणाऱ्या कागदावर ठळक मराठीत आणि कोंकणीत छापावे: ‘हा विवाहाचा दाखला नाही. दुसऱ्या सहीशिवाय विवाह होत नाही.’ ही सही करून घेण्याआधी वधू आणि वर दोघांचीही नावे राज्यातल्या सर्व तालुक्यांच्या विवाहनोंदींत शोधावीत; एका तालुक्यातल्या लग्नाची दुसऱ्या तालुक्यात कल्पना नसते, आणि अविवाहित असल्याचे शपथपत्र लिहिणे फार सोपे आहे. गोव्याबाहेरच्या वधू-वरांसाठी त्यांच्या जिल्ह्याचा दाखला मागावा. खरेदीखतावर ‘पत्नी’ किंवा ‘पती’ म्हणून सही करणाऱ्याकडून विवाहाची प्रमाणित प्रत घ्यावी. यासाठी विधानसभेची गरज नाही. राज्य निबंधकांचे परिपत्रक पुरे.

विधेयक लागेल ते मुलांसाठी. आईवडिलांचा विवाह रद्दबातल असो वा नोंदलाच नसो, पितृत्व सिद्ध झालेले मूल वारसा कायद्यात औरस मुलाच्या बरोबरीने धरावे, असे एक कलम घालावे. त्याच विधेयकात १८८०च्या हिंदू रीतिरिवाजांच्या आदेशातल्या त्या तरतुदीही औपचारिकपणे रद्द कराव्यात, ज्यांत बायको पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूल नाही, किंवा तीस वर्षांची होईपर्यंत मुलगा नाही, म्हणून हिंदू पुरुषाला दुसरे लग्न करण्याची मुभा लिहिलेली आहे. आज त्यांचा आधार घेऊन कोणी लग्न करत नाही. पण फसवणारा माणूस ‘कायद्यात सवलत आहे’ असे सांगतो तेव्हा त्याच तरतुदींचा हवाला देतो, आणि घाबरलेल्या घरांत ते खरे मानले जाते.

या विधेयकाचा मसुदा करताना निबंधक कार्यालयातले जुने कर्मचारी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील आणि महिला आयोग यांच्याशी एकत्र बसून बोलावे. कोणत्या टप्प्यावर कोणता कागद अडतो हे त्यांना नेमके ठाऊक आहे. आम्हीही यायला तयार आहोत.

आपले,
कुटुंब कायद्याचे काम करणारे काही वकील आणि समुपदेशक,
डिचोली, म्हापसा आणि फोंडा