हॉट प्लेटवर करपणाऱ्या कॉफीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : काचेच्या जगचे ड्रिप कॉफी मशीन बदलून थर्मल जगचे मॉडेल मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

आपले बारा कपांचे ड्रिप मशीन आम्ही ऑफिससाठी घेतले. खोक्यावर ‘दोन तास गरमागरम, ताजी कॉफी’ असे ठळक छापले आहे. गरम राहते, त्याबद्दल वाद नाही. पण तासाभरात त्या ताज्या कॉफीचा करपट, आंबूस काढा होतो.

आपल्या तंत्रज्ञाने ‘प्लेट तापते, मशीन व्यवस्थित’ असा शेरा मारून तक्रार बंद केली आणि पूड बदलून बघा, असे सुचवले. म्हणून आम्ही एकाच खेपेची कॉफी निम्मी गरम पाण्याने विसळलेल्या थर्मासमध्ये ओतली आणि निम्मी प्लेटवरच्या जगात राहू दिली. तासाभराने थर्मासमधली सगळ्यांनी प्यायली. जगातली कोणाला संपवता आली नाही. पातळी खाली गेली होती आणि काचेला कडेने तपकिरी वळ चिकटला होता. पूड तीच, पाणी तेच. मग दोष कशात, ते उघड आहे.

तंत्रज्ञाने तळ उघडला तेव्हा दिसले, की पाणी तापवणारी कॉइलच वरची प्लेटही तापवते. टाकीतले पाणी संपले तरी थर्मोस्टॅट तिला चालू-बंद करत राहतो. खालून सतत आच लागली की सुवास उडतो, पाणी आटते आणि कॉफीतल्या क्लोरोजेनिक आम्लाचे विघटन होऊन क्विनिक आम्ल वाढते. ती आंबट-कडू चव त्यातूनच येते. जगात जेमतेम कपभर उरली असेल तर हे सगळे आणखी लवकर घडते. प्लेटसाठी वेगळे बटण नाही, आणि मशीन बंद केले तर काचेतली कॉफी बघता बघता निवते.

युरोपीय संघात २०१५ पासून अशी घरगुती मशीन कॉफी झाल्यावर जास्तीत जास्त ४० मिनिटांत आपोआप बंद व्हावी लागतात. थर्मल जगची तर ५ मिनिटांत. नियम वीज वाचवण्यासाठी आहे, पण कॉफीचेही त्यात भलेच होते. आपण मात्र दोन तासांची जाहिरात करता!

घरी दोन कप करून लगेच पिणाऱ्याला काचेचा जग पुरतो, स्वस्तही पडतो. आमच्याकडे लोक दहा ते बारा कधीही येऊन ओतून घेतात. आपल्याच दुहेरी भिंतीच्या स्टील जगच्या मॉडेलला प्लेट नाही. त्याचे तोंड अरुंद, आत हात जात नाही, किती उरली तेही दिसत नाही. हे सगळे चालेल.

तरी मशीन परत घेऊन ते मॉडेल द्यावे. किमतीतला फरक आम्ही भरू. खोक्यावरचा ‘ताजी’ हा शब्दही काढावा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवू.

सोबत : बिलाची प्रत, सर्व्हिस रिपोर्ट, खोक्याचा व जगचा फोटो.

आपला,
एक ग्राहक, पुणे